ॲडव्हान्स चाळीस टक्के, गॅरंटी दहा टक्के: मधल्या तीस टक्क्यांचं काय?

प्रश्न: "आम्ही एका सप्लायरकडून खास आमच्या मापाचं मशीन बनवून घेतोय. डिलिव्हरी आठ महिन्यांनी. तो ऑर्डरच्या ४० टक्के ॲडव्हान्स मागतोय. मी १० टक्क्यांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी मागितली, तर म्हणतो, 'आधी ॲडव्हान्स येऊ दे, गॅरंटी मग देतो.' एवढी मोठी रक्कम गॅरंटीशिवाय सोडावी का? आणि गॅरंटी घेतली तर तिच्यात काय बघायचं?"

उत्तर:

तुमचं घोडं 'आधी कोण' यावर अडलंय, पण खरी गाठ त्याच्या एक पायरी आधी आहे. समजा सप्लायरने उद्या तुमचं ऐकलं आणि १० टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी हातात ठेवली. तुम्ही निर्धास्तपणे ४० टक्के सोडणार का? मी सोडणार नाही. त्या गॅरंटीचा जन्म वेगळ्याच जोखमीसाठी झालेला असतो.

परफॉर्मन्स गॅरंटी म्हणजे काम कराराप्रमाणे झालं नाही तर होणाऱ्या नुकसानीसाठी ठेवलेली उशी. ती बहुतेक ठिकाणी ऑर्डरच्या ५ ते १० टक्के असते, कारण काम थोडं बिघडलं, उशीर झाला, उरलेलं दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं, तर साधारण तेवढा फरक पडेल असा हिशेब असतो. तुम्ही दिलेले पैसेच बुडाले तर काय, हा प्रश्न ती गॅरंटी विचारतच नाही. त्यासाठी वेगळी गॅरंटी असते: ॲडव्हान्स पेमेंट गॅरंटी, म्हणजे आगाऊ रकमेच्या परताव्याची हमी. ती ॲडव्हान्सच्या पूर्ण रकमेइतकी असते. काही जण तिला एबीजी म्हणतात, काही रिफंड गॅरंटी. नाव काहीही असो, ती नसेल तर मधले ३० टक्के उघड्यावर आहेत.

आकडे मांडून बघा. ऑर्डर १०० ची धरू, ॲडव्हान्स ४०. पाचव्या महिन्यात सप्लायरचं दुकान बंद पडलं. तोवर त्याने ड्रॉइंग केली होती, थोडं स्टील उचललं होतं, तुमच्या हाती काहीच नव्हतं. घाईत दुसरा सप्लायर गाठला तर तो तेच मशीन ११५ ला देतो. फक्त १० ची परफॉर्मन्स गॅरंटी असेल तर ४० गेले, १० परत आले, वर ११५ दिले. एकूण १४५ खर्च, म्हणजे ४५ चा फटका. फक्त ॲडव्हान्स गॅरंटी असेल तर ४० पूर्ण परत, ११५ नव्याने, फटका १५ चा. दोन्ही असतील तर त्या १५ मधले १० परफॉर्मन्स गॅरंटीतून भरून निघतात आणि अंगावर ५ राहतात. दोन कागद दोन वेगळी भोकं बुजवतात, आणि तुम्ही लहान भोकाचं बूच मागत होतात.

आता सप्लायरच्या बाजूने बघू, कारण 'आधी पैसे, मग गॅरंटी' म्हणणारा प्रत्येक जण लबाड नसतो. बँक गॅरंटी देते म्हणजे एक प्रकारे त्याला कर्जच देते. कमिशन घेते आणि त्याच्या मंजूर लिमिटमधून तेवढी रक्कम अडवते. लिमिट नसेल तर रोख मार्जिन मागते, म्हणजे तेवढ्या रकमेची ठेव तिच्याकडे गहाण ठेवावी लागते. लहान कारखानदाराला ४० च्या गॅरंटीसाठी पूर्ण मार्जिन भरावं लागलं, तर तुमचा ॲडव्हान्स तसाच बँकेत अडकून पडेल आणि स्टील घ्यायला त्याच्याकडे काहीच उरणार नाही. त्याची ही अडचण खरी असू शकते. पण 'आधी ॲडव्हान्स' हे तिचं उत्तर नाही. ॲडव्हान्स एकदा गेला की गॅरंटी आणून देण्याची त्याला घाई उरत नाही, आणि आपल्याकडे विनंतीपत्र लिहिण्यापलीकडे हत्यार राहत नाही. 'पुढच्या आठवड्यात देतो' ऐकत चार महिने काढलेले लोक मी पाहिलेत.

या कोंडीवर जुना, सर्वमान्य तोडगा आहे. गॅरंटी आधी निघते, पण तिच्यात एक कलम असतं: ही गॅरंटी ॲडव्हान्सची रक्कम सप्लायरच्या अमुक बँकेतल्या अमुक क्रमांकाच्या खात्यात जमा झाल्यावर अंमलात येईल. म्हणजे कागद तुमच्याकडे तयार आहे, पण झोपलेला. पैसे पोचले की तो जागा होतो. पैसे न मिळताच तुम्ही गॅरंटी वटवाल ही सप्लायरची भीती जाते, आणि पैसे देऊन गॅरंटी मिळाली नाही ही तुमची भीतीही जाते. तो प्रामाणिक असेल तर इथे भांडण संपायला हवं.

मात्र हे कलम जेवढं उपयोगी तेवढंच धोक्याचं आहे. माझा हात इथेच पोळलाय. एका मोठ्या ड्रायरची ऑर्डर होती. गॅरंटी वेळेवर आली, शब्द ठीक वाटले, आम्ही ॲडव्हान्स सोडला. सहा महिन्यांनी काम ठप्प झालं आणि मागणीपत्र घेऊन आम्ही बँकेकडे गेलो. बँकेचं उत्तर आलं की गॅरंटी अंमलातच आलेली नाही. मजकूर होता 'ॲडव्हान्सची संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर', आणि आमच्याकडून रक्कम जाताना नियमाप्रमाणे कराची कपात झाली होती. खात्यात जमा झालेली रक्कम गॅरंटीतल्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांनी कमी. कागदावर बँक बरोबर होती. पुढे तडजोडीत बरीचशी रक्कम आली, पण वर्ष गेलं आणि वकिलाची फी गेली ती वेगळीच.

तेव्हापासून त्या कलमात मी तीन गोष्टी पाहतो. एक, 'संपूर्ण रक्कम' हा शब्द नको. 'जेवढा ॲडव्हान्स जमा होईल तेवढ्या मर्यादेपर्यंत' असं हवं, किंवा करकपात आणि बँक शुल्क वजा जाऊन जमा झालेली रक्कम पूर्ण ॲडव्हान्स मानली जाईल असं स्पष्ट हवं. दोन, गॅरंटीतला खाते क्रमांक आणि आमच्या पेमेंट सूचनेतला खाते क्रमांक आकड्याला आकडा लावून जुळवायचा. प्रोफॉर्मा बिलावर एक खातं आणि गॅरंटीत दुसरं, असं सर्रास होतं. बहुतेक वेळा निष्काळजीपणा असतो, पण पैसे गेल्यावर त्याचा उपयोग आपल्या विरोधात होतो. तीन, पैसे गेल्यावर दोन-तीन दिवसांत गॅरंटी देणाऱ्या बँकेकडून लेखी घ्यायचं की रक्कम जमा झाली आणि गॅरंटी अंमलात आहे. हे एक पत्र हाती असतं तर ड्रायरच्या वेळी आमचं वर्ष वाचलं असतं.

या जुळवाजुळवीचा एक आडफायदाही आहे. 'आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पाठवा' अशी फसवी ईमेल आली, तर गॅरंटीतला खाते क्रमांक आपोआप पहारेकरी बनतो. खातं बदलायचं असेल तर आधी गॅरंटीची दुरुस्ती आणा, एवढं उत्तर पुरतं.

आता मजकुराच्या गाभ्याकडे. गॅरंटी मागताक्षणी देय असली पाहिजे. म्हणजे तुम्ही लेखी मागणी केली की बँकेने पैसे द्यायचे, सप्लायर चुकला की नाही याच्या चौकशीत तिने पडायचं नाही. बँका जे मसुदे देतात त्यांत कधी कधी 'सप्लायरची कसूर सिद्ध झाल्यास', 'लवादाच्या निवाड्यानंतर' किंवा 'सप्लायरने मान्य केल्यास' असे शब्द आत सरकलेले असतात. हे शब्द आले की गॅरंटी उरत नाही, ती साधी जामीनकी होते. मग आधी खटला जिंका आणि मग पैसे मागा. खटला जिंकण्याइतका वेळ असता तर बँक गॅरंटी मागितलीच नसती. विमा कंपनीचा शुअरटी बाँड देऊ केला तर तोही याच चष्म्यातून वाचा. काही बाँड मागताक्षणी देय असतात, काही नसतात, आणि मथळ्यावरून ते कळत नाही.

शक्य असेल तर गॅरंटी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या यूआरडीजी ७५८ या नियमांना बांधून घ्या. हे नियम २०१० पासून लागू आहेत. ते कायदा नाहीत, गॅरंटीत त्यांचा उल्लेख असेल तरच लागू होतात. पण उल्लेख असला की बरेच वाद आधीच मिटतात: गॅरंटी मूळ करारापासून स्वतंत्र आहे, मागणी तपासायला बँकेला कामाचे पाच दिवस आहेत, वगैरे. एक अपेक्षाही त्यांत आहे. मागणीसोबत तुम्हाला एक निवेदन द्यावं लागतं की सप्लायरने करारातली कोणती जबाबदारी कशी पाळली नाही. पुरावा नाही, फक्त निवेदन. पण ते विसरलात तर मागणी परत येते, आणि मुदत संपायला दोन दिवस असताना परत आलेली मागणी म्हणजे गेलेली मागणी. म्हणून मागणीपत्राचा नमुना गॅरंटी घेतानाच तयार करून फाइलला लावून ठेवा.

रक्कम कमी होत जाण्याचं कलम सप्लायर नक्की मागेल, आणि ते न्याय्य आहे. माल जसजसा येतो आणि बिलातून ॲडव्हान्स वळता होतो, तसतशी ॲडव्हान्स गॅरंटी उतरायला हवी. १०० च्या ऑर्डरमध्ये २५ चं बिल आलं, त्यात १० ॲडव्हान्सपोटी वळते झाले, तर गॅरंटी ४० वरून ३० वर. प्रश्न फक्त एवढाच की ती कोणाच्या कागदावर उतरते. 'सप्लायरने बिल सादर केल्यावर' असं लिहिलं असेल तर तो बिलं फाडत जाईल आणि तुमची गॅरंटी विरघळत जाईल. माल मिळाल्याची तुमच्या सहीची पावती बँकेला दाखवल्यावरच रक्कम उतरेल असं लिहा. तुमच्या बाबतीत तर एकच मशीन आहे, ते शेवटी एकदमच येणार. त्यामुळे मध्ये उतरण्याला जागाच नाही. 'ड्रॉइंग मंजूर झाली की १० टक्के उतरवा' असं तो म्हणेल. त्याच्या कारखान्यात पडलेलं अर्धवट मशीन आणि मंजूर ड्रॉइंग यांचं तुम्ही काय करणार याचा विचार करा आणि मग हो म्हणायचं की नाही ते ठरवा. मी नाही म्हणतो. एखादा भाग तुमच्या ताब्यात आणि तुमच्या मालकीचा होत असेल तर गोष्ट वेगळी.

परफॉर्मन्स गॅरंटी मात्र अशी उतरत नाही. ती मशीन बसवून, चालवून, तुम्ही स्वीकारेपर्यंत तशीच राहते. पैसे सोडण्याआधी मी दोन्ही गॅरंट्या मागतो. दुसरी 'नंतर देऊ' म्हणून मागे राहिली तर मशीन पाठवायच्या दिवशी तिच्यावरून घासाघीस होते, आणि तेव्हा मशीनची गरज तुम्हाला असते. एक गैरसमज इथेच दूर करतो: परफॉर्मन्स गॅरंटी हा दंड नाही. वटवून १० आणले आणि खरं नुकसान ६ चं निघालं, तर उरलेल्या ४ चा हिशेब द्यावाच लागतो.

मुदत हा विषय वरकरणी साधा आहे आणि पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडतात. डिलिव्हरी आठ महिन्यांनी आहे म्हणून आठ महिन्यांची गॅरंटी घेतली, तर उशीर झाल्याचं कळतं त्याच दिवशी ती संपते. वर किमान दोन-तीन महिने हवेत. आणि करारातली डिलिव्हरीची तारीख तुम्ही वाढवून दिलीत म्हणून गॅरंटीची मुदत आपोआप वाढत नाही. माझा रिवाज असा की वाढीव तारखेच्या पत्रावर सही करायची ती वाढवलेली गॅरंटी हातात आल्यावरच. मुदत संपायच्या ६० दिवस आधी सप्लायरला पत्र, ३० दिवस आधी दुसरं, आणि १५ दिवस उरले तरी मुदतवाढ आली नसेल तर बँकेला थेट 'मुदत वाढवा नाहीतर पैसे द्या' अशी मागणी. यूआरडीजी ७५८ खाली अशा मागणीवर बँक ३० दिवसांपर्यंत पेमेंट थांबवून सप्लायरला मुदतवाढीची संधी देऊ शकते. त्या दिवसांत मूळ मुदत उलटली तरी वेळेत केलेली मागणी मरत नाही. बहुतेक सप्लायर दोन दिवसांत मुदत वाढवून आणतात, कारण गॅरंटी वटली तर बँकेतली त्यांची पत घसरते.

मागणी मुदतीच्या आत बँकेच्या नेमक्या कोणत्या शाखेत, कोणत्या पत्त्यावर, कशा मार्गाने पोचली पाहिजे हेही वाचा. कुरियरने पाठवली आणि मुदतीनंतर पोचली, तर पाठवल्याची तारीख कोणी विचारत नाही.

गॅरंटी सप्लायरच्या माणसाच्या हातून घेऊ नका. तिच्या खरेपणाची खातरजमा तुमच्या बँकेमार्फत करा. सगळ्यात बरं म्हणजे ती बँकेकडून बँकेकडे स्विफ्टने येऊ द्या. गॅरंटी जारी करण्याचा संदेश एमटी ७६० असतो. काही जण एमटी ७९९ ची प्रत दाखवून गॅरंटी आली म्हणतात. तो नुसता मोकळ्या मजकुराचा संदेश आहे, त्याने बँक गॅरंटीत बांधली जाते असं धरू नका. कागदी गॅरंटी असेल तर खातरजमेचं पत्र गॅरंटीच्या लेटरहेडवरच्या पत्त्यावर पाठवू नका. कागद बनावट असेल तर पत्ताही बनावट असणार. बँकेच्या अधिकृत यादीतून पत्ता काढा. आणि बँक परदेशी असेल तर तुमच्या देशातल्या बँकेने, त्या बँकेच्या काउंटर गॅरंटीवर, म्हणजे तिने दिलेल्या भरपाईच्या हमीवर, स्वतः गॅरंटी द्यावी असं मागा. खर्च थोडा वाढतो, पण मागणी घेऊन दुसऱ्या देशात जावं लागत नाही.

हे सगळं नेहमी लागतंच असं नाही. ॲडव्हान्स ५ टक्के असेल, सप्लायर दहा वर्षांचा असेल आणि त्याची तुमच्याकडे तेवढी बिलं थकलेली असतील, तर मी गॅरंटीवर अडून बसत नाही. गॅरंटीचं कमिशन शेवटी फिरून आपल्याच भावात येतं. पण खास मापाचं मशीन, आठ महिने, ४० टक्के आणि, तुमच्या प्रश्नावरून वाटतं त्याप्रमाणे, पहिलीच ऑर्डर. यात सूट द्यावी असं मला काही दिसत नाही.

आता उद्या काय करायचं ते सांगतो. सप्लायरला लिहा: "ॲडव्हान्स द्यायला आम्ही तयार आहोत. ॲडव्हान्सच्या पूर्ण रकमेची परताव्याची गॅरंटी आणि १० टक्क्यांची परफॉर्मन्स गॅरंटी हवी. रक्कम तुमच्या खात्यात जमा झाल्यावर त्या अंमलात याव्यात. तुमच्या बँकेकडून दोन्हींचे मसुदे आठ दिवसांत पाठवा." मसुदा मागायला जवळपास काही खर्च येत नाही, त्यामुळे उत्तरावरून पुष्कळ कळतं. मसुदा आला तर माणूस बँकेशी बोलतोय. मग शब्दांवर वाटाघाट होते आणि वर सांगितलेल्या जागा तपासता येतात. 'मार्जिनला पैसे नाहीत' असं स्पष्ट सांगितलं, तर ॲडव्हान्सचे तुकडे करा: आधी १० वर ड्रॉइंग आणि १० ची गॅरंटी, ड्रॉइंग मंजूर झाल्यावर पुढचे १५ आणि गॅरंटीत तेवढीच वाढ, उरलेले १५ मोठे भाग बनून तुमच्या माणसाने तपासल्यावर, पुन्हा वाढीव गॅरंटीसह. किंवा महागडं स्टील आणि मोटर तुम्हीच विकत घेऊन त्याच्याकडे द्या. ती तुमच्या मालकीची आहेत असं लिहून घ्या, त्यांवर तशी खूण करा, आणि ॲडव्हान्स तेवढ्याने खाली आणा.

आणि आठ दिवसांनी मसुदाही नाही, अडचणही सांगत नाही, फक्त 'आमच्यावर विश्वास नाही का' एवढंच येत असेल, तर दुसऱ्या क्रमांकाच्या कोटेशनवाल्याला फोन करा. त्याचा भाव जास्त असेल तर त्या फरकाची तुलना ४० शी करा. पहिल्याच्या भावाशी नको.